बेडचं रेलिंग वर होतं, एवढं लिहिलं की पुरे?

"पेशंट पडला तरी रेलिंग वर होतं असं नोंदवलं की सिस्टरवर काही येत नाही ना?"

येतं. गोंधळलेला पेशंट रेलिंग ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. म्हणून कोणत्या बाजूचं रेलिंग वर होतं, बेड किती खाली होता, हे लिहा. पायात गुळगुळीत स्लिपर, नुसते मोजे की काहीच नाही, तेही.

पडण्याआधीचं मूल्यमापन वेळेसह हवं. समजा, सकाळी ८ला पडण्याच्या जोखमीचा मोर्स स्कोअर: दुसरा आजार १५, सलाईन २०, स्वतःच्या मर्यादांचं भान नाही १५, एकूण ५०. बऱ्याच ठिकाणी ४५पासून जोखीम जास्त धरतात. हा आकडा नंतर खोडू नका (मोह होतोच). पडल्यावरचा स्कोअर वेगळा, नव्या वेळेसह लिहा. कुणी पाहिलं नसेल तर 'घसरला' नव्हे, 'जमिनीवर आढळला'.