स्नायूंच्या तक्त्यातले चार रकाने कुठून आले?

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात ओरिजिन, इन्सर्शन, अ‍ॅक्शन आणि नर्व्ह सप्लाय हे चार रकाने एकाच ओळीत पाठ केले जातात. ते सगळे सारखेच पक्के वाटतात, पण ते वेगवेगळ्या काळात, वेगळ्या पुराव्यांवर भरले गेले आहेत.

पहिले दोन रकाने शवविच्छेदनाचे. गॅलेनचे बरेचसे वर्णन माकडांवर आधारलेले होते. वेसालियसने 1543 मध्ये माणसाच्या शवावरून त्यातल्या चुका दाखवल्या. पुढे लायडनच्या अल्बिनसने 1734 च्या ग्रंथात एकेका स्नायूचे बारकाईने वर्णन केले. स्नायू हाडाला कुठे चिकटतो ते डोळ्यांना दिसते, म्हणून हा भाग फारसा बदललेला नाही. भागाभागाने मांडण्याची पद्धतही विच्छेदनाच्या टेबलावर सोयीची, आणि पाठांतराला तर फारच: दंडाचा पुढचा भाग म्हटला की मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह. फक्त ब्रॅकिअ‍ॅलिसला बहुधा रेडिअलचीही एक फांदी मिळते, एवढा अपवाद लक्षात ठेवायचा.

अ‍ॅक्शनचा रकाना मात्र शवावरून भरता येत नाही. पूर्वी स्नायू कसा ओढेल याचा अंदाज त्याच्या दिशेवरून बांधत. पॅरिसच्या दुशेनने जिवंत माणसाच्या त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवून एकेका स्नायूला विजेने आकुंचन पावायला लावले आणि 1867 मध्ये ते निष्कर्ष छापले. तरीही यातून स्नायू काय करू शकतो एवढेच कळते. शरीर त्याला कधी कामाला लावते हे कळत नाही.

सुप्रास्पायनेटसचे उदाहरण घ्या. अनेक तक्त्यांत लिहिलेले असते की खांद्याचे पहिले 15 अंश अ‍ॅबडक्शन तो सुरू करतो आणि पुढचे डेल्टॉइड करतो. 1944 मध्ये इनमन आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोमायोग्राफीने पाहिले तेव्हा दोन्ही स्नायू हालचालीभर एकत्र काम करताना दिसले. 1963 मध्ये सुप्रास्केप्युलर नर्व्ह बधिर करूनही हात वर जातो, फक्त ताकद कमी पडते, असे आढळले. म्हणून हात उचलायला सुरुवातच होत नाही, एवढ्यावरून सुप्रास्पायनेटस फाटला असे ठरवणे धोक्याचे आहे. वेदनेमुळेही हात अडतो, आणि अ‍ॅक्सिलरी नर्व्हला इजा झाल्याने डेल्टॉइड दुबळा पडला असेल तरी हात नीट उचलत नाही. त्यासाठी खांद्याच्या बाहेरच्या बाजूची संवेदना तपासावी आणि डेल्टॉइड आवळतो का ते हाताने चाचपावे. मात्र संवेदना शाबूत असली म्हणून नर्व्ह सुखरूप आहे असे मानू नये.

नर्व्ह सप्लायच्या रकान्याला उपचारात खरे वजन आले ते पोलिओच्या साथी आणि महायुद्धांतल्या जखमांमुळे. कोणता स्नायू गेला यावरून कोणती नर्व्ह कुठे तुटली ते शोधावे लागे. आज वापरली जाणारी 0 ते 5 ची ताकद मोजण्याची श्रेणी ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच कामासाठी रूढ झाली.