सर्च कॅम्पेनमधील ॲड ग्रुपची विषयवार रचना

शोधपानावर दिसणाऱ्या जाहिरातींच्या कॅम्पेनचे लहान गट पाडून प्रत्येक गटातले कीवर्ड, जाहिरातीचा मजकूर आणि क्लिकनंतर उघडणारे लँडिंग पेज एकाच विषयाचे ठेवण्याची पद्धत. गूगल ॲड्समध्ये बजेट आणि ठिकाण कॅम्पेनच्या पातळीवर ठरते; कीवर्ड आणि जाहिराती मात्र ॲड ग्रुपमध्ये राहतात. गटातल्या कुठल्याही कीवर्डवर त्याच गटातली जाहिरात दिसते, म्हणून गट कसे पाडले याला महत्त्व येते.

गट वस्तूच्या नावावरून पाडणे ही नेहमीची चूक. समजा, एक व्यवसाय वॉटर प्युरिफायर विकतो, दुरुस्त करतो आणि त्याचे सुटे फिल्टरही विकतो. ‘वॉटर प्युरिफायर किंमत’, ‘वॉटर प्युरिफायर दुरुस्ती’ आणि ‘वॉटर प्युरिफायर फिल्टर’ हे कीवर्ड एकाच गटात टाकले, तर मशीन बंद पडलेल्या माणसालाही ‘नवा प्युरिफायर घ्या’ अशी जाहिरात दिसू शकते. तो क्लिक करत नाही. केलेच तर विक्रीच्या पानावरून लगेच परततो, आणि त्या क्लिकचे पैसे जातातच. इथे तीन गट हवेत. दुरुस्तीच्या गटात शीर्षकातच दुरुस्तीचा उल्लेख असावा आणि क्लिक थेट तक्रार नोंदवण्याच्या पानावर जावे.

गट पाडले तरी गळती राहते. विक्रीच्या गटात ‘वॉटर प्युरिफायर’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणाऱ्या प्रकारात, असेल, तर दुरुस्तीचे शोधही तो ओढून घेऊ शकतो. सर्च टर्म्सच्या अहवालात कुठला शोध कुठल्या गटात गेला ते दिसते. उपाय म्हणजे विक्रीच्या गटात ‘दुरुस्ती’ हा निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्याच्या शोधावर जाहिरात दाखवायची नाही असा शब्द, घालणे. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द आपणहून अडवत नाही, त्यामुळे ‘रिपेअर’ आणि ‘सर्व्हिस’ वेगळे घालावे लागतात.

बिघाड कुठे आहे ते क्वालिटी स्कोअरच्या घटकांवरून कळते. हा कीवर्डला मिळणारा १ ते १० असा निदानापुरता आकडा आहे. कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या लिलावात तो थेट वापरला जात नाही. जाहिरातीची सुसंगतता ‘सरासरीपेक्षा कमी’ दिसली, तर बहुधा कीवर्ड चुकीच्या गटात आहे किंवा मजकूर त्याच्याशी जुळत नाही. फक्त लँडिंग पेजचा अनुभव कमी असेल, तर गट मोडण्याआधी पान पाहावे.

एकेकाळी प्रत्येक कीवर्डला स्वतंत्र गट देण्याची टूम होती. आता एक्झॅक्ट मॅच हा सर्वांत काटेकोर जुळणीचा प्रकारही त्याच अर्थाच्या शोधांना लागू होतो, त्यामुळे ‘प्युरिफायर दुरुस्ती’ आणि ‘प्युरिफायर रिपेअर’ वेगळे ठेवून फारसे हाती लागत नाही. उलट क्लिक इतक्या गटांत विखुरतात की कुठली जाहिरात चालते हेच समजत नाही. दोन कीवर्डना तीच जाहिरात आणि तेच पान चालत असेल, तर ते एकाच गटात ठेवावेत.