किराणा दुकानातील बक्षीस योजना

नेहमीच्या गिऱ्हाइकाने महिन्याची यादी दुसरीकडे नेऊ नये, यासाठी दुकानदार त्याच्या खरेदीवर जो ठरावीक मोबदला देतो ती बक्षीस योजना. गल्लीतल्या किराणा दुकानात तिचे तीन प्रकार चालतात: बिलागणिक पॉइंट, कार्डावर शिक्के आणि बिलातच सूट. या नोंदीत नाशिकच्या इंदिरानगर, सिडकोसारख्या वसाहतीतले दुकान डोळ्यांसमोर ठेवले आहे. अशा दुकानाची बरीच गिऱ्हाइके अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पगारदार असतात. त्यामुळे मोठ्या याद्या पगार झाल्यावरच्या आठवड्यात येतात आणि नंतर महिनाभर दूध, ब्रेड, कोथिंबिरीची बिले चालतात.

योजना ठरवताना सगळ्यात जास्त चुकते ते टक्क्यांचे गणित. सूट विक्रीवर द्यायची असते, पण ती निघते नफ्यातून. समजा, दुकानाची महिन्याची विक्री 6 लाख आणि सरासरी नफा 10 टक्के, म्हणजे 60,000 रुपये आहे. भाडे, वीजबिल, पोऱ्याचा पगार यातूनच जातो. सरसकट 2 टक्के सूट दिली की 12,000 रुपये गेले आणि हातात 48,000 उरले. पुन्हा 60,000 वर यायचे तर 8 टक्के नफ्याने साडेसात लाखांची विक्री हवी. म्हणजे ‘फक्त दोन टक्क्यां’साठी धंदा पावपट वाढवायचा. त्यातून सुटीचा मोठा वाटा अशा लोकांना जातो, जे तसेही याच दुकानात येणार होते.

बिलातली सूट समजायला सर्वांत सोपी आणि हिशेबालाही स्वच्छ. बिल करतानाच दाखवलेली सूट जीएसटीच्या करपात्र रकमेतून वजा होते. अडचण वेगळीच आहे. दोन महिन्यांत ती सूट न राहता दुकानाचा भाव होऊन बसते. ‘दोन टक्के धरले ना?’ हा प्रश्न रोजचा होतो आणि सूट बंद केली तर भाव वाढवल्याचा बोभाटा होतो. शिवाय भावाच्या लढाईत गल्लीतला दुकानदार डीमार्टसमोर टिकत नाही, आणि सूट गिऱ्हाइकाला नेमकी तीच तुलना करायला शिकवते. एका ठिकाणी मात्र ती चपखल बसते: उधारी मोडायला. खाते महिनाअखेरीस मिटवणाऱ्या घराला ‘यादीचे पैसे त्याच दिवशी दिले तर एक टक्का कमी’ असे सांगितले, तर दुकानदाराचे भांडवल मोकळे होते. घाऊक व्यापाऱ्याकडे रोखीने माल उचलून तिथली रोख सूट पदरात पाडता येते.

पॉइंटसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर लागतो. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटचा एक रुपया, हा नेहमीचा दर. कोणते घर काय नेते, कोणाची यादी बंद झाली, हे कळणे हा याचा खरा फायदा. आठवड्यातून एकदाही ती माहिती उघडून पाहणार नसाल, तर पॉइंटची खटपट कशासाठी? वापरले न गेलेले पॉइंट ही दुकानाची देणी असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. महिन्याला 4 लाखांची विक्री नंबरावर नोंदली तर 4,000 पॉइंट जमतात. पाडव्याला सुरू केलेल्या योजनेत दिवाळीपर्यंत अंदाजे 28,000 होतात. त्यांतले निम्मे फराळाच्या आठवड्यात एकदम वटवायला आले, तर रवा-बेसनाचा माल भरण्याच्या ऐन वेळी गल्ल्यात 14,000 कमी. म्हणून पॉइंटला सहा महिन्यांची मुदत घालावी आणि ती बिलावर छापावी. दुसरी गळती काउंटरवरची. नंबर न देणाऱ्याच्या बिलावर पोऱ्या स्वतःचा किंवा भावाचा नंबर टाकतो. एकाच नंबरावर दिवसात पाच-सहा बिले दिसली, की समजावे.

शिक्क्यांचे कार्ड जुनाट वाटते, पण छोट्या दुकानाला बहुतेक वेळा तेच परवडते. याचे कारण बक्षिसाच्या किमतीत आहे. बक्षीस पैशात न देता मालात दिले, की दुकानदाराला ते खरेदीच्या भावात पडते आणि गिऱ्हाईक ते विक्रीच्या भावाने मोजते. नाशिक भागात बेदाणे त्यासाठी उत्तम. हंगामात घाऊक घेतलेली पाव किलोची पुडी समजा 60 रुपयांना पडली, तर काउंटरवर तिची किंमत 90 असते. पाचशेच्या बिलाला एक शिक्का आणि आठ शिक्क्यांना पुडी, असे धरले तर 4,000 च्या खरेदीवर खर्च दीड टक्का होतो. गिऱ्हाइकाला तो सव्वादोन टक्क्यांचा वाटतो. शिवाय बरीच कार्डे कधी भरतच नाहीत.

आठ चौकटींचे कार्ड छापण्यापेक्षा दहा चौकटींचे छापून पहिल्या दोन आधीच शिक्का मारून द्याव्यात. जोसेफ नून्स आणि झेव्हिएर ड्रेझ यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाड्या धुण्याच्या केंद्रावर हेच करून पाहिले होते. दोन्ही गटांना आठच शिक्के मिळवायचे होते. आठ चौकटींचे कार्ड 19 टक्के लोकांनी पूर्ण केले, दोन शिक्क्यांसह दिलेले दहा चौकटींचे 34 टक्के लोकांनी.

पाचशेचा आकडा मात्र दुसऱ्या दुकानातून उचलू नये. आपलीच महिन्याची बिले लहान ते मोठी लावून पाहावीत आणि मधल्या बिलाच्या थोडा वर उंबरठा ठेवावा. बिल 460 झाले, की ‘काकू, चाळीसचे काही घ्या, शिक्का बसेल’ असे म्हणता आले पाहिजे. काकू तेव्हा बहुधा बिस्किटे किंवा मसाल्याचे पाकीट उचलतात आणि साखर-तेलापेक्षा त्यावर नफा बरा असतो. उंबरठा फार वर गेला तर रोज दीडशेचे बिल करणारे घर कार्ड पहिल्याच आठवड्यात विसरते. दूध, साखर, तेलाचा डबा हा बारीक नफ्याचा माल शिक्क्यातून वगळावा आणि तसे कार्डावर लिहावे. नाहीतर काउंटरवर रोज वाद.

कार्डे हरवतात, आणि सामान न्यायला कधी मुलगा येतो, कधी घरकाम करणाऱ्या मावशी. त्यामुळे कार्ड दुकानातच, सोसायटी आणि फ्लॅट नंबरप्रमाणे लावलेल्या डब्यात ठेवलेले बरे. साधा रबरी शिक्का कोणीही बनवून घेतो. तारखेचा शिक्का आणि त्यावर सही असावी. फुकट दिलेल्या भेटवस्तूवर जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे तिच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, हेही खर्चात धरावे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे विक्रीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या दुकानदाराला ते क्रेडिट नसतेच, त्याला फरक पडत नाही.

आता ताळा. दीडशे घरांना कार्डे दिली आणि प्रत्येकाची शिक्क्याला पात्र खरेदी महिन्याला 2,500 आहे असे धरू. सगळी कार्डे भरली तर खर्च 5,600 च्या आसपास, साठ टक्के भरली तर 3,400. तो 10 टक्के नफ्यातून भरून निघायला 34,000 ची जादा विक्री लागते, म्हणजे घरामागे महिन्याला सव्वादोनशे रुपये. हे जमते की नाही हे पाहायला आधी निम्म्याच सोसायट्यांत कार्डे वाटावीत आणि तीन महिने दोन्हीकडची बिले ताडून पाहावीत. कार्ड नसलेल्यांची बिले वहीत वेगळी टिपावी लागतात, एवढाच त्रास. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला आणि वाळवणाचे सामान जाते, दिवाळीत फराळाचे. एकाच गटाची आधीची आणि नंतरची विक्री या दिवसांत तोलली तर सणाची वाढ योजनेच्या नावावर जमा होते.

योजनेची अखेरची तारीख पहिल्याच दिवशी कार्डावर छापावी. बंद करताना अर्ध्याहून अधिक भरलेल्या कार्डांना छोटी पुडी द्यावी, बाकीची कार्डे परत घेऊन फाडून टाकावीत.