लिफ्ट सारखी बंद पडते, तरी दंड का लागत नाही?

सोसायटीने लिफ्ट कंपनीला पाठवलेल्या नोटिशीत बहुतेकदा एकच तक्रार असते: लिफ्ट सारखी बंद पडते. करारात दंड मात्र लिहिलेला असतो तो लिफ्ट किती वेळ बंद राहिली यावर. घोळ इथेच आहे.

मुंबई प्रांतात 1939 साली लिफ्टचा स्वतंत्र कायदा झाला, त्याची जागा महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने घेतली. परवाना आणि सरकारी तपासणी ही त्याची बाजू. देखभालीत हयगय झाली तर कंत्राटदाराचे किती पैसे कापायचे, हा मात्र दोघांमधल्या कराराचा प्रश्न. जाळीच्या दरवाजाच्या जुन्या लिफ्टला ऑइलिंग आणि साफसफाईचा साधा करार पुरायचा, सुटे भाग सोसायटीच्या खर्चाने. पुढे सुट्या भागांसकट करार आले, तेव्हा भाग मिळेपर्यंत लिफ्ट अडून राहू नये म्हणून ‘24 तासांत चालू करा, नाहीतर रोज अमुक रुपये’ असं कलम सोयीचं वाटलं.

समजा, वर्षाचा करार 84,000 रुपयांचा, दंड रोज 500, कमाल मर्यादा दहा टक्के. चौथ्या मजल्यावरच्या दरवाजाच्या लॉकचा कॉन्टॅक्ट नीट बसत नाही. दरवाजा बंद झाल्याचा सिग्नल कंट्रोलरला मिळत नाही, म्हणून लिफ्ट जागची हलत नाही. मेकॅनिक येतो, कॉन्टॅक्ट घासतो, तासाभरात लिफ्ट सुरू. आठवड्याने पुन्हा तेच. महिन्यात चार वेळा लिफ्ट बंद पडली, पण 24 तासांची मुदत एकदाही ओलांडली नाही. दंड शून्य! उलट एखादा भाग येईना म्हणून लिफ्ट सलग वीस दिवस बंद राहिली, तर पहिले 24 तास सोडून हिशेब 9,500 चा होतो आणि हातात येतात मर्यादेचे 8,400.

करारात आकडा आहे म्हणून तो पूर्ण मिळतोच असंही नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 त्या रकमेला कमाल मर्यादा मानतं, त्याच्या आत ‘वाजवी’ भरपाई मिळते.

म्हणून जाणते सेक्रेटरी अशा वेळी दंडाच्या कलमावर भिस्त ठेवत नाहीत. ते ‘तोच बिघाड पुन्हा’ हा मुद्दा धरतात: कॉन्टॅक्ट घासणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, लॉक बदलणं करारात येतं, ते पंधरा दिवसांत करा, नाहीतर करार संपवण्याचं कलम लागू होईल. सोबत सर्व्हिस स्लिपच्या प्रती. त्यावर मेकॅनिकने नुसतं ‘लिफ्ट चालू केली’ असं लिहिलं असेल, तर एकच बिघाड चारदा झाला हे दाखवणं अवघड. मजला, दरवाजा आणि काय केलं, हे सही करण्याआधीच लिहून घ्यावं लागतं.

करार संपवण्याची धमकीही तोलून द्यावी लागते. नव्या लिफ्टचा कंट्रोलर अनेकदा ती बनवणाऱ्या कंपनीच्याच पासवर्डने किंवा सर्व्हिस टूलने उघडतो, आणि दुसरा कंत्राटदार आधी विचारतो, ‘टूल देणार का ते?’ हे उत्तर नोटीस टाकण्यापूर्वी हवं, शक्यतो लेखी.