ईमेलमध्ये ‘आस्क’ऐवजी काय लिहायचे? (मसुदा तपासायला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणाऱ्या इंग्रजी मसुद्यांवर एक सूचना हमखास असते: “‘आस्क’ फार साधं वाटतंय, तिथे काहीतरी वजनदार घाला.” मग आम्ही फोन करून विचारतो, की समोरच्याकडून तुम्हाला नक्की काय हवंय? उत्तर येईपर्यंत दुपार उलटते आणि घाईचं पत्र दुसऱ्या दिवसावर जातं. म्हणून हे पत्रक.

‘रिक्वेस्ट’, ‘एन्क्वायर’ आणि ‘सीक’ हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. समोरच्याने काही करावं किंवा द्यावं असं वाटत असेल तर ‘रिक्वेस्ट’. नुसती माहिती हवी असेल तर ‘एन्क्वायर’. मंजुरी, परवानगी, खुलासा यांसारखी, समोरच्याच्या अधिकारातली गोष्ट हवी असेल तर ‘सीक’.

सर्वात जास्त वेळ खातो तो ‘रिक्वेस्ट’च्या जागी आलेला ‘एन्क्वायर’. समजा, तुम्ही सुटे भाग पुरवता आणि १४ जूनची डिलिव्हरी २४ जूनवर न्यायची आहे. मसुद्यात असतं: ‘वुई वुड लाइक टू एन्क्वायर अबाउट एक्स्टेन्शन ऑफ डिलिव्हरी डेट.’ खरेदी विभागातला माणूस हे वाचून मुदतवाढीचा नियम कळवतो: अर्ज कुणाकडे करायचा, उशिराबद्दल किती कपात होते. त्याच्या दृष्टीने प्रश्न संपला. तुम्ही मात्र तारीख बदलली का याची वाट पाहत बसता. त्याने मुदत नाकारलेली नसते. तुम्ही ती मागितलेलीच नसते.

तेच आम्ही असं लिहितो: ‘वुई रिक्वेस्ट अ टेन-डे एक्स्टेन्शन ऑफ द डिलिव्हरी डेट, फ्रॉम १४ जून टू २४ जून. प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे.’ आता त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. पत्राला नियमाची माहिती देणारं उत्तर आलं आणि निर्णय आला नाही, तर आधी आपलं क्रियापद तपासा.

इथे ‘रिक्वेस्ट’नंतर ‘फॉर’ नाही, हेही पाहा. ‘अवर रिक्वेस्ट फॉर एक्स्टेन्शन’ बरोबर, कारण तिथे ते नाम आहे. ‘वुई रिक्वेस्ट फॉर’ आम्ही दरवेळी खोडतो, आणि काही ग्राहक ते दरवेळी परत घालून पाठवतात.

‘रिक्वेस्ट’ मऊ असतो ही समजूतही तितकीशी खरी नाही. आपण विनंती म्हणतो तेव्हा आवाज खाली येतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला ‘आय रिक्वेस्ट यू टू सेंड’ औपचारिक आणि थोडं ताठ वाटतं. ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ तर सूचनाफलकावरचं वाटतं. रोजच्या ओळखीच्या ग्राहकाला ‘कुड यू प्लीज सेंड’ पुरतं. ‘आय अॅम रायटिंग टू आस्क व्हेदर’ यातही काही कमीपणा नाही. आम्ही कधी कधी ‘आस्क’ तसाच ठेवतो. त्यावर “मग पैसे कशाचे घेतले?” असं ऐकावं लागतं. पैसे तो शब्द तिथे चालतो की नाही हे ठरवण्याचे असतात.

‘एन्क्वायर’ नवख्या पुरवठादाराला दर, माल शिल्लक आहे का, किती दिवसांत मिळेल हे विचारताना शोभतो. त्याच्यामागे ‘अबाउट’ किंवा ‘व्हेदर’ येतं. ‘वुई एन्क्वायर यू’ होत नाही. रोज बोलणं असलेल्या माणसाला तो वापरलात, तर काही बिनसलंय का असं त्याला वाटू शकतं.

‘सीक’ सर्वांत कागदी. बँक, सरकारी खातं, टेंडरमधल्या शंका इथे तो बरोबर बसतो: ‘वुई सीक क्लॅरिफिकेशन ऑन’. जीएसटी नोंदणीच्या अर्जावर अधिकारी जी REG-03 नोटीस काढतात, तिच्या शीर्षकातही ‘सीकिंग’ आहे, म्हणून तो सूर आपल्या ओळखीचा झालाय. पण त्याच सुरात जुन्या गिऱ्हाईकाला लिहिलं, तर पत्र वकिलाकडून आल्यासारखं वाटतं. ‘सीक’नंतर वस्तू येते, माणूस नाही; ‘वुई सीक यू टू सेंड’ चूक.

मसुदा पाठवताना वर मराठीत तीन गोष्टी लिहा: पत्र कुणाला, त्याच्याकडून काय हवं, कधीपर्यंत. एवढं असलं की आम्हाला फोन करावा लागत नाही आणि पत्र बहुधा त्याच दिवशी परत येतं. समोरून आलेलं उत्तर कळलं नाही तर तेही पाठवा. त्याच पत्राच्या पुढच्या एका उत्तराचा मसुदा आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो.