शेजाऱ्यांकडे विकेट आधी पडते

२९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि स्ट्राइकवर मिलर होता. आमच्या स्मार्ट टीव्हीवर हार्दिक अजून धावायलाही लागला नव्हता, तेवढ्यात खालच्या मजल्यावर एकच जल्लोष झाला. सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा तो झेल आम्ही पाहिला, पण काय होणार हे कळल्यावर. खालच्यांकडे डिश होती, आमच्याकडे ॲप.

घरात सगळ्यांचं एकमत झालं की नेट स्लो आहे. म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला, तरी खालचे आमच्या पुढेच राहिले. चित्र अडकणं आणि चित्र मागे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा लक्षात आलं. चित्र एकदाही न अडकता अर्धा मिनिट मागे असू शकतं.

मैदानापासून चॅनेलच्या स्टुडिओपर्यंत डिश आणि ॲप यांचा प्रवास साधारण एकच असतो. वाटा फुटतात त्या तिथून पुढे. डिशचा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंदच लागतो. कॉम्प्रेशन आणि सेट-टॉप बॉक्सचं काम धरूनही एकूण उशीर काही सेकंदांचाच होतो, कारण सिग्नल धारेसारखा वाहत राहतो. नळाला पाणी यावं तसा.

ॲपचं पाणी हंड्यांनी येतं. सामन्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार होतो, म्हणजे नेट कमी-जास्त झालं तरी टीव्हीला हलका किंवा भारी तुकडा मागता येतो. एचएलएस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तुकडा साधारण ६ सेकंदांचा असतो. हंडा पूर्ण भरल्याशिवाय उचलता येत नाही. शिवाय ॲपमधला व्हिडिओ प्लेअर अगदी ताज्या तुकड्यापासून सुरुवात करत नाही. नेट मध्येच दमलं तर हाताशी साठा असावा म्हणून तो साधारण तीन तुकडे मागून सुरू होतो. तीन साहा अठरा, म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले. एन्कोडिंग आणि सर्व्हरवरून सर्व्हरवर पोचवण्याचा वेळ मिळवला की आकडा २५-३० सेकंदांवर जातो. तुकड्यांचेही बारीक तुकडे करून हा उशीर बराच कमी करणारं तंत्र आहे, पण ते कंपनीने वापरायला हवं. आपल्या रिमोटवर त्याचं बटण नाही.

हा झाला मूळ उशीर. त्यावर आणखी एक उशीर चढतो, आणि तो आपल्या घरात तयार होतो. मॅच १० सेकंद अडकली आणि पुन्हा सुरू झाली, तर बरेच प्लेअर सुटलेलं भरून काढत नाहीत, जिथे थांबले तिथूनच पुढे चालू राहतात. फोन आला म्हणून पॉज केलं तरी तेच. तीन-चार वेळा असं झालं की तुम्ही जवळपास मिनिटभर मागे असता आणि पडद्यावर सगळं सुरळीत दिसत असतं.

तुमचा उशीर यातला कोणता, हे तपासणं सोपं आहे. खालच्या घरात कुणाला तरी फोन लावा. त्यांच्या टीव्हीवर बोलरच्या हातून चेंडू सुटला की ते ‘आता’ म्हणतील. तेव्हा मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा आणि तोच चेंडू तुमच्याकडे सुटला की बंद करा. आमच्याकडे सामन्याच्या मध्यावर ५२ सेकंद आले. ॲप पूर्ण बंद करून मॅच पुन्हा उघडली, तर २६. म्हणजे अर्धा उशीर साठलेला होता.

तो काढायचा तर पडद्यावरचं ‘LIVE’ दाबा. ते नसेल तर मॅचमधून बाहेर पडून परत आत या. पुन्हा साठू नये म्हणून टीव्हीला राउटरपासून लॅन केबल लावा. केबल ओढणं शक्य नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झचा बँड वापरा, मात्र मध्ये दोन भिंती असतील तर तो कमी पडतो. तरीही अडकत असेल तर ऑटो सोडून दर्जा एक पायरी खाली ठेवा. मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर मिरर करू नका. त्यात मोबाइल तेच चित्र पुन्हा एन्कोड करून पाठवतो, म्हणून टीव्हीतलंच ॲप वापरा. टीव्हीचा गेम मोड मात्र इथे कामाचा नाही. त्याने वाचतो तो सेकंदाचा छोटासा अंश.

एवढं करूनही आमचे २६ सेकंद २६च राहिले, कारण ते ॲपचे आहेत. म्हणून आता मोठ्या सामन्याला आम्ही डिशच लावतो. ज्यांच्याकडे फक्त ॲप आहे त्यांनी निदान मोबाइलवरची स्कोअरची नोटिफिकेशन्स बंद ठेवावीत. ती बहुतेक वेळा टीव्हीवरच्या चेंडूच्या आधी पोचतात.