चार थरांच्या स्प्लॅटमॅपमध्ये पाचवा थर कुठे बसवायचा?

संगणकीय खेळातील डोंगरउतारावर गवत, माती, खडक आणि वाळू एकमेकांत मिसळलेली दिसतात, तेव्हा त्या मिश्रणाचे प्रमाण बहुधा स्प्लॅटमॅप नावाच्या एका साध्या चित्रात साठवलेले असते. चित्रातील प्रत्येक टेक्सेलला, म्हणजे एकेका बिंदूला, लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे चार चॅनल असतात व प्रत्येक चॅनल एका थराचे वजन सांगतो. म्हणूनच एका नकाशात चारच थर मावतात.

चारही वजनांची बेरीज नेहमी एक ठेवण्याऐवजी उरलेला भाग मूळ थराला दिला, तर पाचवा थर जवळजवळ फुकट मिळतो. त्याचे वजन `1 - (r + g + b + a)` इतके होते. त्यापुढे मात्र दुसरा नकाशा लागतो. युनिटी या गेम इंजिनच्या मूळ भूभाग-शेडरमध्ये, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, तर पुढच्या प्रत्येक चार थरांसाठी तोच भूभाग पुन्हा एकदा रेखाटला जातो.

सोळा थर आणि 1024 × 1024 टेक्सेलचा नकाशा घेऊ. दर चॅनलला एक बाइट धरल्यास चार स्प्लॅटमॅपना 16 एमबी लागतात आणि सरळसोट शेडर प्रत्येक पिक्सेलसाठी सोळाही थरांचे रंग वाचतो. खरे तर एका जागी दोन-तीन थरांनाच वजन असते; बाकीचे वाचन शून्याने गुणण्यासाठीच होते. मला खरी उधळपट्टी इथे दिसते, मेमरीत नव्हे.

म्हणून वजनांऐवजी थराचा क्रमांक साठवावा. सर्व थरांची टेक्स्चर, म्हणजे त्यांची रंगचित्रे, क्रमांकाने वाचता येणाऱ्या एका टेक्स्चर ॲरेमध्ये ठेवली (त्यासाठी त्यांचा आकार आणि फॉरमॅट सारखा असावा लागतो), की टेक्सेलमागे एक बाइट पुरतो आणि नकाशा 1 एमबीचा होतो. शेडर पिक्सेलभोवतीच्या चार टेक्सेलचे क्रमांक वाचतो, त्या चार थरांचे रंग आणतो आणि अंतराच्या प्रमाणात मिसळतो. थर सोळा असोत वा दोनशे, रंगांची वाचने चारच राहतात.

हे मिश्रण रंगांचे व्हायला हवे, क्रमांकांचे नव्हे. नकाशावर शेजारच्या टेक्सेलची मूल्ये मिसळणारे नेहमीचे बायलिनियर फिल्टरिंग चालू राहिले, तर गवत (3) आणि खडक (7) यांच्या मधोमध 5 हा क्रमांक तयार होतो आणि सीमेवर भलत्याच थराची, समजा बर्फाची, बारीक रेघ उमटते. लगतच्या क्रमांकांच्या सीमेवर अशी रेघ उमटत नाही, त्यामुळे चाचणीसाठी दूरचे क्रमांक निवडावेत. याच कारणाने या नकाशाला मिपमॅप, म्हणजे सरासरी काढून लहान केलेल्या प्रती, किंवा माहिती गमावणारे कॉम्प्रेशनही चालत नाही.

या पद्धतीत एक उणीव राहते: एका थरातून दुसऱ्या थरात होणारा बदल एका टेक्सेलच्या रुंदीतच संपतो. एक किलोमीटरच्या भूभागावर हे अंतर सुमारे एक मीटर भरते. रुंद, सावकाश मिश्रण हवे असेल तर 16 बिटांत पाच-पाच बिटांचे दोन क्रमांक आणि सहा बिटांचे वजन बसवता येते. मग 32 थर मिळतात, नकाशा 2 एमबीचा होतो आणि वाचने जास्तीत जास्त आठ होतात.